मदत हवी आहे : पाइपच्या चरासाठी एम-सँड किती टन मागवावी?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात विहिरीपासून ६० मीटर लांबीचा चर खणला असून त्यात ११० मिलिमीटर बाह्य व्यासाचा पाइप टाकायचा आहे. चराची रुंदी ०.६ मीटर असून पाइपच्या खाली, बाजूंना आणि वर मिळून एम-सँडचा ०.३ मीटर जाडीचा थर धुम्मसाने ठोकून घ्यायचा आहे. वरचा भाग खणलेल्या मातीनेच भरणार आहे.

थराचे घनफळ १०.८ घनमीटर येते. त्यातून पाइपने व्यापलेली सुमारे ०.५७ घनमीटर जागा वजा केल्यास १०.२३ उरते. पुरवठादार सैल वाळूची घनता १.५ टन प्रति घनमीटर धरून सुमारे १५.३ टन पुरेल असे सांगतात. मला ते पटत नाही, कारण हे घनफळ ठोकून बसलेल्या वाळूचे आहे. तिची घनता १.८ धरली तर १८.४ टन लागतील, आणि तेवढा माल ट्रॉलीत सैल असताना १२.३ घनमीटर, म्हणजे साधारण ४.३ ब्रास भरेल.

आता शंका ओलाव्याची आहे. ओली वाळू फुगते, त्यामुळे ब्रासने घेतल्यास माल कमी येतो, तर वजनकाट्यावर पाण्याचेही पैसे पडतात. पाच टक्के ओलावा धरून १९.३ टन मागवणे योग्य ठरेल का? तसेच धुम्मसाने एम-सँडची १.८ घनता खरोखर गाठता येते का, की पातळ थर देऊन पाणी मारावे लागते? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.