मदत हवी आहे: शाडूच्या गणपतीच्या व्हिडिओत वाळण्याची वेळ कशी सांगावी?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. घरी करता येईल अशा वीतभर शाडूच्या मूर्तीचा व्हिडिओ करतोय, साचा न वापरता. बैठक, पोट, सोंड इथवर चित्रीकरण झालंय. मोबाईल डावीकडून तिरका लावला की बोटांआड मूर्ती झाकली जात नाही. अडलंय ते हात जोडण्यापाशी.

धड आणि हात सारखेच ओलसर असताना दोन्हीकडे काडीने रेघा ओढून, मध्ये शाडूचा पातळ लगदा लावला तर सांधा धरतो. धड आधीच सुकलेलं असेल तर ओला हात मागाहून आकसतो आणि खांद्यापाशी केसाएवढी चीर पडते. ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. पण इथल्या पावसात माती दिवसभर मऊच राहते, आणि उघडीप पडली की दुपारपर्यंत कडक. त्यामुळे पडद्यावर ‘इतके तास थांबा’ लिहिणं पटत नाही. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही, हीच खूण अगदी जवळून दाखवावी म्हणतोय.

विसर्जन बादलीत दाखवणार. रंग गेरू आणि हळदीचाच, कारण ऑइलपेंटमधून पाणी आत शिरत नाही. पूर्ण वाळलेली कच्ची माती पाण्यात भराभर सुटते, आतून ओलसर असेल तर गोळा तसाच राहतो. आत ओल आहे का हे कळायला मूर्ती गालाला लावून गारवा बघतो, पण पावसाळी हवेत सगळंच गार लागतं.

अंगठ्याची खूण नवख्यांना पुरेल का? आणि जाड पोट आतपर्यंत वाळलंय हे मूर्तीला धक्का न लावता कसं ओळखता?