उत्तर: एकच पत्र अनेक कंपन्यांना

«वजनकाट्यांच्या कॅलिब्रेशनसाठी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना एकच ईमेल पाठवतो. तो छापील वाटू नये म्हणून काय बदलू?»

सेवा, दर आणि संपर्क यांचा मधला भाग तसाच ठेवा. मात्र पहिली दोन वाक्ये आणि शेवटची विनंती प्रत्येक वेळी नव्याने लिहा. रबाळ्यातल्या फरसाण पॅक करणाऱ्या कंपनीला पाकिटात कमीजास्त भरणाऱ्या मालाची चिंता असते, तर महाप्यातल्या औषध कंपनीला ऑडिटमध्ये दाखवायच्या प्रमाणपत्राची. म्हणून पहिलीकडे पॅकिंग लाइनवरचा एक काटा तपासण्याची वेळ मागावी, दुसरीला प्रमाणपत्राचा नमुना पाठवावा. पहिल्या वाक्यात दुसऱ्या कंपनीचे नाव घालूनही ते खरेच ठरत असेल, तर ते बदलायलाच हवे. चिकटवलेले नाव वेगळ्या फॉन्टमध्ये उमटले तरी नक्कल उघड होते, म्हणून ते Ctrl+Shift+V ने चिकटवावे.