एकदिवसीय हाऊस स्पर्धा: १०० मीटरची फायनल हवी की नको?

धागाकर्ता, कोथरूड
आमच्या शाळेच्या हाऊस स्पर्धा डिसेंबरात एका दिवसात उरकायच्या आहेत. मैदान सकाळी ७ ते दुपारी १ एवढाच वेळ मिळणार. हाऊस चार. बारा, चौदा आणि सोळा वर्षांखालील मुलं-मुली मिळून सहा गट. १०० मीटरला प्रत्येक हाऊसचे तीन, म्हणजे गटात बारा जण, आणि फक्कीने आखलेल्या लेन सहा. माझं मत असं, की दोन हीट पळवाव्यात, सगळ्यांच्या वेळा लावाव्यात आणि वेळेवरूनच पहिला ते चौथा ठरवावा. फायनल नकोच. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त क्रीडाशिक्षक
माझा स्पष्ट विरोध आहे, सर. तुमच्याकडे घड्याळ कोण लावणार? शिक्षक, मोबाईलवर. एका लेनला एकच माणूस. हाताने लावलेली वेळ वरच्या दशांशाला न्यायची असते. १३.२९ चे १३.३ होतात आणि १३.३१ चे १३.४. म्हणजे दोन शतांशांचा फरक कागदावर दशांशाचा दिसतो. उलट १३.२१ आणि १३.२९ ही दोन्ही मुलं १३.३ वर बरोबरीत येतात. शेजारशेजारी पळाली असती तर त्यांच्यात अर्ध्या मीटरहून जास्त अंतर दिसलं असतं, कोणालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता आलं असतं. एकाच शर्यतीत क्रम डोळ्यांनी लागतो. दोन हीटची तुलना मात्र निव्वळ घड्याळावर, तीही वेगवेगळ्या हातांतल्या घड्याळांवर.

हडपसरचा पालक
सर, आता मोबाईलवर शतांश दिसतात. वर न्यायची गरजच काय? जे दिसतं ते लिहा, बरोबरी सुटेल.

निवृत्त क्रीडाशिक्षक
शतांश मोबाईल दाखवतो, पण बटण बोटच दाबतं. आणि मोठी चूक सुरुवातीला होते. शंभर मीटरवरून आवाज पोचायला साधारण ०.३ सेकंद लागतात. ज्याने आवाज ऐकून बटण दाबलं त्याच्या मुलाला तेवढी वेळ फुकट मिळाली. ज्याने क्लॅपरच्या फळ्या मिटताना पाहून दाबलं त्याच्या मुलाला नाही मिळाली. शिट्टीवर सोडत असाल तर पाहण्यासारखं काहीच नसतं, म्हणून स्टार्टरने त्याच क्षणी झेंडा खाली आणायला हवा. एका लेनला तीन घड्याळं असली तर मधली वेळ धरता येते आणि अशी चूक गळून पडते. त्याला सहा लेनसाठी अठरा माणसं लागतात. आहेत का?

बावधनची आई
माझ्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. ती दुसऱ्या हीटमध्ये पहिली आली, तरी निकालात तिसरी. पहिल्या हीटमधल्या दोघींच्या वेळा तिच्यापेक्षा एकेक दशांशाने कमी लिहिल्या होत्या. त्या खरंच वेगवान असतील, माझं काही म्हणणं नाही. पण ती मला विचारत होती, "आई, मी त्यांच्याबरोबर पळालेच नाही, मग हरले कशी?" मला उत्तर देता आलं नाही. शाळेने निदान व्हिडिओ तरी काढावा.

स्कोअररच्या टेबलावरून
ताई, व्हिडिओ घ्यावाच. फोन स्टँडवर, बरोबर फिनिश लाइनच्या रेषेत, थोडा उंचावर ठेवा. पण त्याने एका हीटमधला क्रम कळतो, दोन हीटची तुलना होत नाही. तुमच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर फायनलच आहे.

मी आमच्या शाळेची गुणपत्रकं दरवर्षी भरते, म्हणून माझी अडचण सांगते. वेळेवर निकाल लावला की बरोबऱ्यांचा पाऊस पडतो. आमचे गुण ५-३-२-१ असे आहेत. एका वर्षी दुसऱ्या नंबरला तिघी १३.९ वर. मग ३, २ आणि १ यांची बेरीज सहा, तिघींना दोन-दोन. दोघी असत्या तर अडीच-अडीच. हे गणित बरोबर आहे, पण घाईत कोणीतरी तिघींनाही तीन-तीन लिहिले. म्हणजे तीन गुण जास्त वाटले गेले, आणि दुपारी हाऊसमधला फरक दोनच गुणांचा निघाला. तेव्हापासून मी प्रत्येक शर्यतीच्या ओळीची आडवी बेरीज करते. ती ११ आली नाही तर तो कागद पुढे जात नाही. चेस्ट नंबरही हाऊसप्रमाणे देते: १०१ पासून एक हाऊस, २०१ पासून दुसरं. पंचाने नुसता नंबर लिहिला तरी हाऊस कळतं.

धागाकर्ता, कोथरूड
हे सगळं पटतंय, पण वेळ कुठून आणू? सहा फायनल वाढल्या तर लांब उडी आणि गोळाफेक दुपारपर्यंत जाईल.

निवृत्त क्रीडाशिक्षक
हिशोब मांडून पाहू. एका शर्यतीला चार मिनिटं धरा. त्यासाठी पुढच्या हीटची मुलं आधीच लेनप्रमाणे बसवलेली हवीत, तो एक माणूस फक्त तेवढंच काम करेल. बारा हीट म्हणजे ४८ मिनिटं. साडेसातला सुरू केलं तर ८.१८ ला संपतात. फायनलची फक्त २४ मिनिटं वाढतात.

आता विश्रांती. २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना दोन फेऱ्यांमध्ये किमान ४५ मिनिटं असावीत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, शाळेनेही तो पाळावा. तुमच्या सहाव्या गटाची शेवटची हीट ८.१४ ला सुटेल. म्हणून ८.१८ ला लगेच फायनल सुरू करू नका. मध्ये मोठ्या दोन गटांच्या ८०० मीटर घ्या. तिथे लेनची गरज नाही, बाराही जण एकत्र सुटतात. मग ८.४० ला फायनल, हीटच्याच क्रमाने. सहावा गट ९ वाजता पळेल, त्याला ४६ मिनिटं मिळतात.

फायनलला कोण जाणार हेही घड्याळावर सोडू नका. दोन्ही हीटमधले पहिले तीन, झाल्या सहा लेन. हीट पाडताना एका हीटमध्ये दोन हाऊसचे दोन-दोन आणि उरलेल्या दोघांचा एक-एक ठेवा, दुसरीत उलट. हाऊसचा सगळ्यात वेगवान मुलगा कुठल्या हीटमध्ये हे मात्र हाऊसमास्तरांना ठरवू देऊ नका, चिठ्ठी टाका. नाहीतर सगळे सोपी हीट शोधतात.

हडपसरचा पालक
शंभर मीटरचं मान्य. पण ४०० ला हाच नियम लावाल तर मुलं थकतील. त्याला दीड तासाची विश्रांती लागते, ती तुमच्या सहा तासांत बसवताना सगळं विस्कटेल.

निवृत्त क्रीडाशिक्षक
तिथे तुमचं बरोबर आहे. ४०० ला मुलांमध्ये अंतर सेकंदांचं पडतं, तिथे दशांशाची चूक सहसा निकाल बदलत नाही. ४०० वेळेवर घ्या, माझी हरकत नाही.

स्कोअररच्या टेबलावरून
माझी आहे. पहिल्या हीटच्या मुलांना किती वेळेत पळायचं हे माहीत नसतं, दुसऱ्या हीटच्या मुलांना मैदानावर ओरडून सांगितलं जातं. वेळेवर घ्यायचंच असेल तर दुसरी हीट सुटेपर्यंत पहिलीच्या वेळा जाहीर करू नका.

बावधनची आई
आणि पंचांना पूर्वेकडे तोंड करून बसवू नका. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. आमच्या वेळी फिनिशवरचे दोन्ही शिक्षक हात कपाळाला लावूनच उभे होते.

धागाकर्ता, कोथरूड
आमची फिनिश लाइन नेमकी तशीच आखलेली असते, लक्षातच आलं नव्हतं. या वर्षी शर्यत उलट्या टोकाकडून सोडून पाहतो. १०० ला फायनल घेतो. ४०० चं अजून ठरत नाही. आणि रिलेला दुप्पट गुण द्यायचे का, यावर आमच्याच स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. तुमच्याकडे काय करतात?