अनुभव धागा: नव्या गावातला पहिला महिना आणि घरमालकीण आजी

आबोली
परवा रत्नागिरीहून फोन आला. मी भाड्याने राहायचे त्या घराची कौलं उतरवून पत्रे घालणार आहेत, असं आजींचा पुतण्या सांगत होता. आजी आता नाहीत. तेव्हापासून ते घर डोळ्यासमोरून हलत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमचेही अनुभव लिहा. कोकणातले असतील तर फारच छान.

मी लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला मला रत्नागिरीत लॅबमध्ये नोकरी लागली. थिबा पॅलेसच्या खालच्या उतारावर जांभ्या दगडाचं जुनं घर, पडवीच्या टोकाची खोली, दार वेगळं. आजी ऐंशीच्या पुढच्या आणि एकट्याच. मी अनामत रक्कम पुढे केली तर म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. पाऊस बघ आधी, मग सांग राहतेस का ते."

कोकण म्हणजे पाणीच पाणी अशी माझी समजूत. पण विहीर तळाला गेलेली. अंघोळीला दोन बादल्या, भांड्याचं पाणी केळीला. आजी म्हणाल्या, "जांभा पाणी धरत नाही गो. वरून पडतं नि खालून समुद्राला जातं. पावसाच्या तोंडावर आमचे हालही तुमच्यासारखेच." मला त्या घरात पहिल्यांदा आपलं वाटलं ते या बोलण्याने.

मग पाऊस लागला. इतका पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. तिसऱ्या प्रहरी सुरू झाला आणि रात्रीपर्यंत थांबेना. माझ्या गादीवर टपटप सुरू झाली. मी खाली पातेलं लावलं, ते भरलं की हंड्यात ओतायचं, हंडा भरला की बादलीत. सकाळी आजी आल्या तर खोलीभर भरलेली भांडी. त्या हसल्या नाहीत. एकेका भांड्यात बघून म्हणाल्या, "वाशावरची घाण घेऊन आलंय हे, वापरू नकोस. पण टाकूही नकोस, माडाला घालू."

दुपारी पाऊस जरा थांबल्यावर त्यांनी दार-खिडकी लावून घेतली, दिवा बंद केला आणि मला वर बघायला लावलं. कौल सरकलं असेल तर उजेडाची फट दिसते म्हणे. फट कुठेच नव्हती. मग त्यांनी बॅटरी दिली आणि वासा दाखवला. पाणी गादीवर पडत होतं म्हणून भोक गादीच्या वरच असेल असं नाही. ते कौलाखाली शिरतं, रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाने उतरत राहतं आणि जिथे गाठ किंवा खिळा भेटेल तिथे टपकतं. मी टेबलावर उभी राहून ओली रेघ बोटाने धरत वर गेले. गादीपासून चांगलं दोन हात वर, आढ्याच्या बाजूला, एका कौलाचा कोपरा उडाला होता. वरच्या कौलाखाली तो झाकलेला, म्हणून उजेड दिसत नव्हता. माडाची वाळकी पोय पडून फुटला असणार.

पावसात छपरावर चढायचं नसतं, शेवाळावरून पाय जातो. आजींनी पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद चिवट आवरण, आणली, भिजवून मऊ केली आणि हातभर लांब कापली. मी काठीने वरचं कौल चार बोटं उचलून धरलं आणि विरी खाली सरकवली. वरचं टोक वरच्या कौलाच्या पोटात, खालचं टोक खालच्या कौलाच्या पाठीवर. म्हणजे पाणी विरीवरून घसरून पुढच्या कौलावर जातं. आजी खालून बॅटरी धरून सांगत होत्या, "अजून वर. खोलगट बाजू आकाशाकडे हवी."

मग कळलं की त्यांच्या माजघरातही तीन ठिकाणी गळत होतं. खांदा वर जात नाही म्हणून त्या काही वर्षं नुसती भांडी लावत होत्या. पुढच्या रविवारी तीही कामं केली.

महिना भरल्यावर मी भाडं दिलं. त्यांनी नोटा मोजून घेतल्या, वहीत लिहिलं आणि त्यातल्याच काही परत माझ्या हातात ठेवल्या. मी घेईना. तर म्हणाल्या, "गडी बोलावला असता तर त्याला दिलेच असते ना? माझ्या छपराचं काम फुकट नको." अनामत त्यांनी कधीच घेतली नाही.

दर्यावर्दी
डोळ्यात पाणी आलं ताई. बाकी नंतर लिहितो, स्टँडवर आहे.

नाना गुहागर
आजींनी शिकवलं ते शंभर टक्के बरोबर. आमच्या घरी वडील स्वतः शाकारणी करायचे, त्यामुळे थोडी भर घालतो. गळती कधी होते त्यावरून कारण कळतं. पाऊस पडताच टपकायला लागलं आणि थांबताच थांबलं तर कौल फुटलेलं किंवा सरकलेलं. पाऊस थांबून तासभर झाला तरी ठिबकतंय तर कौलांच्या नळीत पालापाचोळा आणि शेवाळ अडकलंय, तिथे पाणी तुंबून आडवं वाहतंय. तिथे विरी घालून उपयोग नाही, साफसफाई हवी. आणि फक्त पश्चिमेचा वारा असतानाच बारीक तुषार येत असतील तर ती झड. कौलं नवीकोरी असली तरी येणार, गादी सरकवणं एवढाच उपाय.

शुभांगी_के
रत्नागिरीत खोली हवी आहे, मुलीला ॲडमिशन मिळालीय. आजींचं घर अजून भाड्याने मिळेल का? साधारण भाडं किती?

आबोली
शुभांगीताई, आजी नाहीत आता आणि घराचं काम निघालंय. पण मारुती मंदिर, शिवाजीनगर बाजूला बघा, कॉलेजच्या मुलींना खोल्या देतात तिकडे. पाऊस लागल्यावर जाऊन बघा, भिंतीला ओल आहे की नाही ते तेव्हाच कळतं.

सह्याद्रीपुत्र
विरीबिरी तात्पुरतं झालं. फुटलेल्या जागी सिमेंट लावायचं किंवा डांबर, विषय संपला. आम्ही गावी तसंच केलंय.

नाना गुहागर
डांबर एखादा पावसाळा टिकेल, नाही म्हणत नाही. सिमेंट मात्र लावू नका. उन्हात तापल्यावर कौल आणि सिमेंट सारखं फुगत नाही, मग त्याच्या कडेनेच नवी चीर जाते. आणि दोन कौलं एकमेकांना चिकटली की पुढच्या शाकारणीला उचलताना दोन्ही फुटतात. फुटलेलं कौल बदलणं हाच उपाय. दसऱ्यानंतर, छप्पर कोरडं झाल्यावर.

सह्याद्रीपुत्र
आमचं तीन वर्षं टिकलंय नाना.

नाना गुहागर
टिकलं तर चांगलंच आहे. उतरवताना सांगा मला.

मंदाकिनी
माझा पहिला महिना मालवणात. बदली झाली होती आणि नवरा नागपूरला. घरमालकीण काकू बोलायच्या कमी. पण मी ऑफिसातून आले की पायरीवर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा असायचा, कोणी ठेवला ते कधी सांगितलं नाही. जून-जुलै मासेमारी बंद, म्हणून सुकं बोंबील नि सुकट. मी शाकाहारी. वासाने जीव जायचा, पण सांगू कशी? शेवटी त्यांनाच कळलं. त्यांनी सुकटीचा डबा घराबाहेरच्या खोपीत नेला आणि श्रावण संपेपर्यंत तिथेच शिजवलं. पावसात छत्री धरून जायच्या, ऐकायच्या नाहीत.

वैभव दापोली
पत्र्यांचं म्हणाल तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीतले पत्रे सरळ उडून बागेत पडले. आमचे कौलारू होते, तेही गेले. फरक एवढाच की कौलं थोडी थोडी गेली, निम्मी परत लावता आली. पत्रा वाकला की भंगार.

मानसी_प
हो पण वैभवदादा, शाकारायला माणसं मिळतात का सांगा! आमच्या आईला दर वर्षी मे महिन्यात पाच-पाच जणांना फोन करावे लागतात. शेवटी पत्रे घातले. आता पावसात बोललेलं ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये माजघरात बसवत नाही. पण आई रात्री झोपते. तेवढं मला पुरे आहे. पुतण्याला दोष नका देऊ.

आबोली
मानसी, दोष नाही गं देत. तो मुंबईत असतो, छपराकडे बघायचं कोणी? मला फक्त वाईट वाटलं.

दर्यावर्दी
आलो. माझी गोष्ट उलटी आहे. मी रत्नागिरीचा, पहिली नोकरी सोलापुरात. तिथल्या घरमालकीण आजींना मी नळ सोडून दात घासतो ते बघवायचं नाही. काही न बोलता तांब्या आणून द्यायच्या. दर सकाळी. महिन्याअखेरीस मी स्वतःच घ्यायला लागलो. आमच्याकडे मे महिन्यात विहीर आटते हे लहानपणापासून बघितलं होतं, पण नळाला पाणी असलं की ते विसरायला होतं.

माहेरवाशीण
सुक्या सुकटीचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात कुळीथ पिठाला किडे होऊ नयेत म्हणून काय करता? माझं दर वर्षी जाळं धरतं 😔

मंदाकिनी
कुळीथ आधी खरपूस भाजून, पूर्ण गार करून मगच दळ. कोमट असताना डब्यात भरलं की आत घाम धरतो. आणि थोडं थोडं दळून आण, पूर्ण पावसाळ्याचं नको.

माहेरवाशीण
घाम! तेच होत असणार. धन्यवाद 🙏

नाना गुहागर
आबोली, एक विचारतो. उतरवलेल्या कौलांचं काय करणार आहेत? जुनी मंगळुरी असतील तर पाठीवर कारखान्याची छाप असेल. ती कौलं नव्यापेक्षा चांगली भाजलेली असतात. बोटाच्या पेराने वाजवून बघायला सांग. खणखणीत वाजलं तर धडधाकट, बद्द वाजलं तर आत चीर आहे.

आबोली
छाप आहे, मला आठवतंय, विरी घालताना बोटाला लागायची. पुतण्या म्हणाला अंगणात रचून ठेवणार, कोणी नेली तर नेली.

वैभव दापोली
मला हवीत! गोठ्याची निम्मी बाजू अजून ताडपत्रीवर आहे. टेम्पोचं भाडं मी देतो. उभी रचायला सांगा ताई, आडवी एकावर एक ठेवली तर खालची फुटतात.

आबोली
नंबर व्यक्तिगत संदेशात पाठवते. दादा, विरी घातलेलं एक कौल आहे, कोपरा उडालेलं. ते नको असेल तर माझ्यासाठी बाजूला ठेवा.

वैभव दापोली
ठेवतो. आणि रत्नागिरीला आलात की दापोलीला या, गोठ्यावर बाकीची बघायला.