मदत हवी आहे: टक्केवारी नेमकी कशाची, हे विद्यार्थ्यांना कसं समजवावं?

पदवीच्या विद्यार्थ्यांना समाजशास्त्राच्या शोधनिबंधातली कोष्टकं वाचायला शिकवते आहे. एका जागी गाडी हमखास अडते.

वर्गासाठी मी एक काल्पनिक कोष्टक केलं. एकूण २०० विद्यार्थी. नोकरी करणारे ५०, त्यांतले ३० वर्गात अनियमित, म्हणजे ६० टक्के. नोकरी न करणारे १५०, त्यांतले ४५ अनियमित, म्हणजे ३० टक्के. सारांशात निम्म्या वर्गाने लिहिलं, 'अनियमित विद्यार्थ्यांपैकी ६० टक्के नोकरी करतात.' खरं तर अनियमित एकूण ७५ आणि त्यांत नोकरी करणारे ३०, म्हणजे ४० टक्केच. आकडा बरोबर उतरवला, पण 'पैकी' चुकलं आणि अर्थच उलटला.

आधी मी सांगायचे, बेरीज १०० आडवी होते की उभी ते बघा. आडवी असेल तर 'पैकी' ओळीतल्या गटाचे. हे त्यांना जमतं. पण बऱ्याच निबंधांत फक्त 'अनियमित' हा एकच रकाना छापलेला असतो: ६० आणि ३०. बेरीज कुठूनच १०० होत नाही. स्तंभालेखातही तेच, दोन खांब आणि खाली गटांची नावं. मग मुलं अंदाजाने लिहितात.

अशा वेळी तुम्ही काय करून घेता? मी सध्या शीर्षक, तळटीप आणि प्रत्येक गटाची 'n' शोधायला लावते, आणि टक्क्यांवरून माणसं मोजून मूळ चौकट पुन्हा भरायला सांगते. उपयोग होतो, पण तासाला एकच कोष्टक होतं. याहून सुटसुटीत रीत कुणी वापरली असेल तर कृपया उदाहरणासह सांगा.