एक्झॉस्ट ब्रेक असताना इंजिन रिटार्डरवर खर्च कशाला?

नवीपाटी: ४० टनी गाडी घ्यायचीये. एका मॉडेलला नुसता एक्झॉस्ट ब्रेक आहे, दुसऱ्याला इंजिन रिटार्डर पण आहे, तो कॉम्प्रेशनच्या वेळी व्हॉल्व्ह उघडणारा. आमचे जुने ड्रायव्हर म्हणतात खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक असला की बास, बाकी सगळे नखरे. लांब उतार रोजचा आहे. काय करू?

डिझेलवाला: ड्रायव्हर बरोबर बोलतायत. डिझेलचं कॉम्प्रेशनच एवढं दणदणीत असतं की खालच्या गिअरला गाडी आपोआप धरून ठेवते, हवा दाबायला ताकद लागतेच ना, ती गाडीच्या वेगातूनच जाते. एक्झॉस्ट ब्रेकने त्यात अजून भर पडते. रिटार्डर म्हणजे सेल्समनने गळ्यात मारायची वस्तू.

नटबोल्ट: डिझेलवाले, अर्धं बरोबर आहे, पण चूक नेमकी महत्त्वाच्या अर्ध्यात आहे. पिस्टन वर जाताना हवा दाबतो, कबूल, पण तीच दाबलेली हवा पिस्टन खाली येताना त्याला परत ढकलते की. स्प्रिंग दाबली आणि सोडली, हातात काय उरलं? थोडं घर्षण आणि थोडी उष्णता, बाकी सगळं क्रँकला परत. म्हणून डिझेल गाडी अॅक्सिलरेटर सोडल्यावर नुसत्या कॉम्प्रेशनवर फारशी थांबत नाही.

एक्झॉस्ट ब्रेक दुसऱ्याच स्ट्रोकला पकडतो. टर्बोच्या मागे पाईपमध्ये एक झडप असते, ती बंद झाली की पिस्टनला बाहेर जाणारी हवा बंद पाईपात रेटावी लागते. पण पाईपात दाब किती होऊ द्यायचा याला मर्यादा आहे, जास्त झाला तर शेजारच्या सिलिंडरचा बंद असलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या विरुद्ध मागून ढकलून उघडतो. रिटार्डर मात्र स्प्रिंगवरच घाव घालतो: पिस्टन वर पोचता पोचता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडतो आणि दाबलेली हवा फुस्स करून निघून जाते, परत ढकलायला काही शिल्लकच राहत नाही. तो फडफड आवाज त्याचाच.

गुलाबीछत्री: पण माझी पेट्रोल कार अॅक्सिलरेटर सोडला की मस्त ओढून धरते, तिला कुठलाच रिटार्डर नाही??

नटबोल्ट: पेट्रोलला थ्रॉटल असतो, पाय काढला की तो बंद होतो आणि पिस्टन बंद नळीतून हवा ओढत बसतो. नेहमीच्या डिझेलमध्ये तशी अडवणूक नसते. इथे प्रश्न ४० टनांचा आहे.

डिझेलवाला: बरं स्प्रिंगचं मान्य. तरी मुद्दा तोच, ३० च्या स्पीडने उतरलं तर एक्झॉस्ट ब्रेक पुरतो. आकडे दाखवा आणि मग बोला.

नटबोल्ट: दाखवतो. ८ किलोमीटर उतार, दर १०० मीटरला ६ मीटर खाली, म्हणजे एकूण ४८० मीटर. ४० टन तेवढं खाली आणायचं म्हणजे साधारण १८८ मेगाज्यूल कुठेतरी खर्च व्हायला हवेत, वेग काहीही ठेवा, एकूण तेवढेच. टायरची ओढ दहावा हिस्सा खाते. ३० च्या वेगाने १६ मिनिटं लागतात, म्हणजे सतत अंदाजे १७५ किलोवॅट शोषायचे. १२ लिटरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक २००० च्या वर आरपीएम असेल तर धरा १३० देतो. उरले ४५ किलोवॅट, ते ड्रमला. १६ मिनिटांत ४३ मेगाज्यूल. दहा ड्रम मिळून ५०० किलो लोखंड धरलं आणि वाऱ्याने काहीच थंड झालं नाही असं मानलं तर १७० डिग्रीच्या आसपास तापतील. चालतंय, वारा थोडं वाचवतोही.

आता तोच उतार, गिअर वरचा, आरपीएम १२०० ला. एक्झॉस्ट ब्रेक निम्म्याहून खाली येतो आणि उरलेलं सगळं ड्रमला जातं. एक्झॉस्ट ब्रेकच नसेल तर सगळेच १६८ मेगाज्यूल ड्रममध्ये, म्हणजे हिशोबाने सहाशेच्या वर. त्याआधीच ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, पेडल दाबलं तरी रॉडचा स्ट्रोकच संपतो. म्हणून गिअर उताराच्या आधी घ्यायचा. मधेच घ्यायला गेलात आणि गाडी न्यूट्रलला अडकली तर एक्झॉस्ट ब्रेकही गेला, रिटार्डरही गेला.

तिसरागिअर: हे आकडे झडप नीट बसत असेल तर. माझ्या गाडीच्या झडपेला काजळी धरली होती, पूर्ण बंदच होत नव्हती. बटण दाबलं की दिवा लागायचा म्हणून मी निर्धास्त. एका दिवशी उताराच्या मधे ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, तेव्हा कळलं की महिनाभर ड्रमवरच चाललो होतो. आता रोज सकाळी गाडी उभी असताना आयडलला बटण दाबून आवाज ऐकतो, कोंडल्यासारखा झाला पाहिजे. बदललाच नाही तर समजायचं. उलटं पण होतं, झडप बंदच अडकली तर गाडीला ओढच राहत नाही आणि काळा धूर.

संथगती: मी रिटार्डरच्या विरोधात नाही, पण कोणी ही बाजू बोलत नाही. रिटार्डर आला की ड्रायव्हर ३० चे ६० करतो. ६० ला लागतात साधारण ३३५ किलोवॅट, चांगला रिटार्डर देतो २५० ते ३००. म्हणजे उरलेलं परत ड्रमवरच, आणि आता काही चुकलं तर दुप्पट वेगात. शिवाय दोन्ही ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांवर चालतात. ओल्या रस्त्यावर गाडी रिकामी असेल तर तीच चाकं सरकतात, जोडगाडी असेल तर मागचा डबा पुढे येऊन वाकडा होतो. पाऊस पडला की मी रिटार्डरचा जोर कमी ठेवतो, जुन्या गाडीत बंदच करायचो.

नटबोल्ट: हे एकदम बरोबर. पण ३० लाच चालवणारा असेल तर रिटार्डरवाल्याला १७५ सगळे इंजिनातच मिळतात आणि ड्रम खाली येईपर्यंत थंड राहतात. अचानक काही आडवं आलं तर थंड ड्रम हवेत ना? नवीपाटी, रोजचा लांब उतार असेल तर माझं मत रिटार्डरवाली घ्या.

डिझेलवाला: आरपीएमची गोष्ट मानली, पण गाडी इंजिनाला ढकलत असते तेव्हा गव्हर्नर काही करू शकत नाही, लाल पट्टा ओलांडला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. २००० च्या वर ठेवा म्हणणाऱ्यांनी हे पण सांगायचं.

नटबोल्ट: हो, म्हणून पट्ट्याच्या खाली थोडी जागा सोडायची आणि काटा चढायला लागला की सर्व्हिस ब्रेक मारायचा.

तिसरागिअर: मारायचा म्हणजे कसा? आम्ही हलका पाय ठेवून उतरतो. हल्लीचे शिकवणारे म्हणतात जोरात दाबून ८-१० ने वेग खाली आणा आणि पाय पूर्ण काढा.

संथगती: जोरात दाबून सोडायचं, कारण हलक्या दाबाला सगळ्या एक्सलचे ब्रेक सारखे लागत नाहीत, दोन-तीन ड्रम सगळं ओझं घेतात आणि तेच जळतात.

तिसरागिअर: उष्णता तर तेवढीच ना? आणि माल सरकतो जोरात दाबल्यावर. मला नाही पटत.

नवीपाटी: जुन्या ड्रायव्हरना हे दाखवलं. ते म्हणतात हलका पाय. झडप मात्र उद्या सकाळी ऐकायला येणारेत.