उ: डाव्या व्हेंट्रिकलचा प्रेशर-व्हॉल्यूम लूप रुंद झाला म्हणजे कॉन्ट्रॅक्टिलिटी वाढली असं नाही

> "दोन्हीत लूप रुंद होतो, मग मायट्रल रिगर्जिटेशन आहे की कॉन्ट्रॅक्टिलिटी वाढलीये कसं ओळखायचं?"

रुंदी सोड, आधी लूपची उजवी बाजू बघ, जिथे प्रेशर चढतं. कॉन्ट्रॅक्टिलिटी वाढली तर ती सरळ उभीच राहते, कारण व्हॉल्व्ह बंद असताना व्हॉल्यूम बदलत नाही, फक्त वरची तिरकी ईएसपीव्हीआर रेषा जास्त उभी होते आणि ईएसव्ही, म्हणजे आकुंचन संपल्यावर उरलेला व्हॉल्यूम, कमी होतो. रिगर्जिटेशनमधे मात्र प्रेशर चढायला लागल्यापासूनच रक्त मागे एट्रियममधे गळतं, म्हणून ती बाजू डावीकडे कलते, आणि ईडीव्ही, म्हणजे आकुंचनाआधी भरलेला व्हॉल्यूम, तोपण वाढलेला असतो.

समज ईडीव्ही १६०, ईएसव्ही ४० मिली. रुंदी १२०, पण त्यातले ५० मागे गेले तर एओर्टात फक्त ७०च! मी इथेच फसलो होतो, १२० ला हार्ट रेटने गुणून कार्डियाक आउटपुट काढलं.